स्टीलची बाटली रेंडरमध्ये काळपट दिसते? या चुका टाळा

ब्लेंडरमध्ये बाटलीचं मॉडेल छान जमतं, तीन लाइट लावले जातात, रेंडर होतो आणि बाटली काळी, मध्ये दोन पांढरे ठिपके! बरेच जण मग लाइटचे वॅट वाढवतात. ठिपके आणखी भगभगीत होतात, बाटली काळीच राहते. कारण धातूला स्वतःचा असा विखुरलेला रंग नसतो. त्याच्यात समोरचं दिसतं. World काळा आणि लाइट छोटे असतील, तर स्टीलला दाखवायला अंधारच उरतो.

म्हणून Point लाइट काढा आणि Area लाइट घ्या. बाटली २६ सेंमी उंच असेल तर मुख्य लाइट किमान ८० सेंमी उंच, ३० सेंमी रुंद ठेवा, म्हणजे उजेडाचा पट्टा झाकणापासून बुडापर्यंत अखंड दिसेल. Area लाइटचे वॅट तेच ठेवून आकार वाढवला की तो उजेड मोठ्या पृष्ठभागावर पसरतो आणि पट्टा मंद होतो. तेव्हा वॅट वाढवा, आधी नाही.

लाइट कुठे ठेवायचा, हे अंदाजाने ठरवू नका. कॅमेरा पुरेसा लांब असेल, तर गोल बाटलीवर हिशोब सोपा आहे. कॅमेऱ्यापासून ४५ अंशांवरचा मुख्य लाइट मध्यापासून त्रिज्येच्या साधारण ३८ टक्क्यांवर दिसतो, ६० अंशांवरचा फिल बरोबर अर्ध्यावर आणि मागचा, १३५ अंशांवरचा रिम ९२ टक्क्यांवर, म्हणजे जवळजवळ कडेला. फिलसाठी मी लाइटऐवजी मोठा पांढरा प्लेन उभा करणं पसंत करते. मुख्य लाइटचा उजेड त्यावर पडून मऊ झळाळी येते, दुसरा कडक पट्टा उमटत नाही.

पार्श्वभूमी पांढरी असेल तर रिमचा उपयोग होत नाही. बाटलीच्या अगदी कडेला मागचंच प्रतिबिंब पडतं, त्यामुळे पांढरी कड पांढऱ्यातच विरून जाते. अशा वेळी फ्रेमच्या जरा बाहेर, दोन्ही बाजूंना थोडे मागे काळे प्लेन उभे करा. लगेच बारीक गडद रेघ येते आणि आकार उठून दिसतो.

शंका आली तर Roughness तात्पुरता 0 करा. बाटली आरसा होते आणि कोणता लाइट कुठे पडतोय ते स्पष्ट दिसतं. मग तो 0.3 च्या आसपास आणा.

मटेरियलमध्ये Metallic 1 ठेवा. 0.5 ठेवला तर अर्धं प्लास्टिक, अर्धा धातू असं काहीतरी विचित्र तयार होतं. Base Color फिकट राखाडी हवा. गडद घेतला की प्रतिबिंबंही गडद होतात. आणि Roughness चा मॅप लावला असेल तर Image Texture नोडवर Color Space Non-Color करा. sRGB राहिलं तर मॅपमधला 0.5 प्रत्यक्षात सुमारे 0.21 धरला जातो आणि मॅट बाटली अकारण चकचकीत दिसते.