‘बोनसचा गैरवापर’ म्हणून खाते बंद झाले? अपील लिहिताना या चुका टाळा

वॉलेट ॲपने खाते बंद केले, कारण दिले ‘बोनसचा गैरवापर’, आणि आत स्वतःचे पैसे अडकले. असे लोक माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला येतात, तेव्हा बहुतेकांनी कंपनीला आधीच एक मेल टाकलेला असतो. तो मेल वाचल्यावरच कळते की काम किती बिघडले आहे. किनाऱ्यावर होमस्टे चालवणाऱ्यांचे असे अर्ज पर्यटन हंगाम संपता संपता जास्त येतात, म्हणून त्यांचेच उदाहरण घेतो.

‘मी काहीच केलेले नाही’ एवढेच लिहिणे

ही चूक मला सर्वांत जास्त खुपते. खाते बंद करण्याचा पहिला निर्णय बहुधा यंत्रणा घेते. तिला काहीतरी जुळलेले दिसते: एकच फोन, एकच इंटरनेट पत्ता, एकच बँक खाते किंवा एकच घरपत्ता. तुम्ही प्रामाणिक आहात की नाही, हे तिला कळत नाही. त्यामुळे अपील वाचणाऱ्या माणसासमोर एकच प्रश्न असतो: हे जुळले कसे? त्याचे उत्तर पत्रात नसेल, तर तुमच्या चांगुलपणाची दोन पाने वाचूनही तो खाते उघडू शकत नाही.

गोव्यात पेडणे तालुक्यातल्या, हरमलच्या बाजूच्या एका होमस्टेवाल्याचे प्रकरण सांगतो. त्याने आपला रेफरल कोड कागदावर छापून स्वागतकक्षात लावला होता. पाहुणे त्याच्याच वायफायवरून ॲप घेत, कोड टाकत, आणि दर नव्या खात्यामागे त्याला १०० रुपये मिळत. अशी ९ खाती झाली. वॉलेटमध्ये ८,६४० रुपये असताना खाते बंद पडले. त्यातले ९०० रुपये बोनसचे आणि ७,७४० त्याचे स्वतःचे.

एका राउटरवरचे सगळे फोन बाहेरून एकाच पत्त्यावरून आलेले दिसतात. म्हणजे नऊ अनोळखी पाहुणे आणि नऊ खोटी खाती काढणारा एक माणूस, दोन्ही यंत्रणेला सारखेच. याने मात्र पहिल्या मेलमध्ये राउटरचा उल्लेखच केला नाही. ‘सगळी खाती पाहुण्यांची आहेत, माझा काही संबंध नाही’ असे ठासून लिहिले. उत्तर आले: एक खाते तुमच्याच फोनवर चाललेले आहे, निर्णय कायम.

मी विचारले, तेव्हा थोड्या वेळाने म्हणाला, “बाब, जुना फोन बायकोला दिला होता. तिने त्यावर तिच्या नंबराने खाते काढले, आणि माझाच कोड टाकला.”

नऊपैकी आठ खाती खरोखर पाहुण्यांची होती. पण लपवलेल्या नवव्यामुळे त्या आठांवरही कोणी विश्वास ठेवायला तयार नव्हते. आपले वाकडे जिथे गेले ते आपणच आधी सांगावे, असे माझे ठाम मत आहे. कंपनीच्या नोंदीत ते असतेच. दुसरे पत्र आम्ही असे लिहिले:

“माझे खाते बोनसच्या गैरवापराच्या कारणाने बंद झाले आहे. माझ्या कोडवरून ९ खाती उघडली. त्यांपैकी ८ माझ्या होमस्टेतील पाहुण्यांची आहेत. ती एकाच वायफायवरून उघडल्यामुळे इंटरनेट पत्ता एक दिसतो. उरलेले १ खाते माझ्या पत्नीचे असून ते माझ्या जुन्या फोनवर उघडले आहे. पहिल्या मेलमध्ये मी हे सांगितले नव्हते, ती माझी चूक. त्या खात्याचे १०० रुपये परत घ्यावेत. शिलकीतील ७,७४० रुपये मी माझ्या बँक खात्यातून भरले आहेत. उतारा जोडला आहे. प्रकरणाची माणसाकडून फेरतपासणी व्हावी. खाते उघडणे शक्य नसल्यास ही रक्कम माझ्या बँक खात्यात वळती करावी.”

यात शेवटची दोन वाक्ये वेगळी ठेवली आहेत, तशीच ठेवा. बोनस आणि स्वतःचे पैसे एकत्र मागितले की दोन्ही अडकतात. शेवटी ७,७४० रुपये बँकेत आले. बोनसचे सगळे ९०० कंपनीने कापले. खाते उघडले, पण रेफरलची सोय बंद झाली ती झालीच.

पुराव्यांचा ढिगारा पाठवणे

चाळीस स्क्रीनशॉट कोणी बघत नाही. जुळणीचे जे कारण तुम्ही सांगता, त्याला एक कागद पुरतो. होमस्टेवाल्याने पर्यटन खात्याकडची नोंदणी जोडावी. इथे अनोळखी माणसे येऊन राहतात हे त्यावरून सिद्ध होते. सोबत त्याच पत्त्याचे ब्रॉडबँडचे बिल. आजचा इंटरनेट पत्ता दाखवणारा स्क्रीनशॉट पाठवू नका. घरगुती जोडणीवर तो बदलत राहतो, त्यामुळे खाती उघडली तेव्हा काय होता ते त्यातून कळत नाही. पैसे भरल्याचा पुरावा म्हणून बँकेचा मूळ पीडीएफ उतारा द्या आणि यूपीआय व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक पत्रातच लिहा. पीडीएफला पासवर्ड असेल तर तोही कळवा. न उघडलेला उतारा म्हणजे न दिलेला उतारा.

स्क्रीनशॉट कापू नका, रंगवू नका. नको असलेली ओळ पुसून पाठवलेले चित्र एकदा सापडले की पुढचा एकही कागद खरा धरला जात नाही.

आणि पाहुण्यांच्या आधार कार्डांच्या प्रती तर मुळीच नाहीत. लोक त्या सरसकट जोडतात, त्याचा मला खरोखर राग येतो. पाहुण्याने ते कार्ड खोलीसाठी दिले होते, तुमच्या भांडणासाठी नव्हे. आगमनाच्या तारखा कोणत्या खात्यांशी जुळतात ते लिहा, आणि तपासणीसाठी नोंदवही दाखवायची तयारी आहे असे कळवा. स्वतःची ओळख द्यायची असेल तर शेवटचे चारच आकडे दिसणारे आधार वापरा.

वाट न पाहता नवे खाते काढणे

भावाच्या नंबरावरून, त्याच फोनवर. ज्या आरोपाविरुद्ध अपील आहे, तोच आरोप तुम्ही स्वतः सिद्ध करून देता. यानंतर माझ्याकडे आलेल्यांना मी फक्त स्वतःचे पैसे परत मागायला सांगतो, खाते विसरायला सांगतो.

चॅट, मेल, फोन, पुन्हा मेल

दर वेळी नवी तक्रार नोंदवली की प्रत्येक ठिकाणी अर्धीच हकीकत राहते. एकच तक्रार क्रमांक धरा, त्याच मेलखाली उत्तर द्या. चॅटवरच्या माणसाला सहसा खाते उघडण्याचा अधिकार नसतो. ‘फेरतपासणीसाठी वर पाठवा’ एवढेच त्याच्याकडून घ्या. शिव्या, वकिलाची धमकी, समाजमाध्यमांवर नाव घेणे, हे सगळे सोडा.

रिझर्व्ह बँकेकडे बोनस मागायला जाणे

कंपनीला लेखी तक्रार दिल्यावर ३० दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर वॉलेट कंपनीविरुद्ध cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, फी लागत नाही. उतावीळ माणसे तिसऱ्याच दिवशी तिथे जातात आणि तक्रार परत येते. बोनस द्यायचा की नाही हा कंपनीचा व्यावसायिक निर्णय ठरू शकतो, आणि तशा निर्णयात लोकपाल पडत नाही. तुम्ही भरलेले पैसे अडवून ठेवणे ही मात्र सेवेतली त्रुटी म्हणून मांडता येते. म्हणून तिथल्या तक्रारीत रक्कम लिहिताना ८,६४० नव्हे, ७,७४० लिहा, आणि कंपनीला पाठवलेल्या पहिल्या लेखी तक्रारीची तारखेसह प्रत जोडा.