दोन मिनिटांची सुरुवात आणि अवघड काम आधी: या चुका टाळा

दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटी पोर्टलवर जीएसटीआर-२बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी येते आणि मासिक रिटर्न भरणाऱ्यांना २० तारखेपर्यंत ३बी हे रिटर्न भरायचं असतं. नारायण पेठेतल्या आमच्या छोट्या करसल्लागार ऑफिसात या मधल्या दिवसांतलं सगळ्यात नकोसं काम म्हणजे क्लायंटचं खरेदी रजिस्टर आणि टू-बी जुळवणं. माझ्याकडे काम करणारी मुलगी टॅलीत पक्की आहे, पण हे काम ती १८ तारखेपर्यंत ढकलत न्यायची. "ताई, आधी बारीकसारीक उरकते, मग टू-बीला निवांत बसते," असं म्हणायची. मी तिला दोन गोष्टी सुचवल्या: सकाळी सगळ्यात अवघड काम आधी घ्यायचं आणि त्याची फक्त दोन मिनिटं सुरुवात करायची. पहिल्या महिन्यात दोन्ही फसल्या. कुठे फसल्या ते आम्ही दोघींनी बसून पाहिलं.

पहिला घोळ नावातच होता. "दोन मिनिटांचा नियम" म्हणून दोन वेगळे सल्ले फिरतात. एक म्हणतो, दोन मिनिटांत संपणारं काम लगेच करून टाका. दुसरा म्हणतो, मोठ्या कामाला फक्त दोन मिनिटं हात लावा. तिने पहिला धरला. दहा वाजता आल्यावर कुणाला चलनाची प्रत, कुणाला बिलाचा फोटो पाठवून दे, असं सुरू व्हायचं. प्रत्येक काम खरंच दोन मिनिटांचं होतं, पण प्रत्येकाला उत्तर यायचं आणि त्या उत्तरातून पुढचं काम निघायचं. बारा वाजेपर्यंत टू-बीची फाइल उघडलेलीही नसायची. सकाळच्या वेळेत हे दोन सल्ले एकमेकांच्या मुळावर येतात. आता अशी कामं ती शेजारच्या वहीत नुसती टिपून ठेवते आणि जेवणाआधी एका बैठकीत संपवते.

दुसरी चूक मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण ती करताना आपण काम करतोय असंच वाटत राहतं. तिची दोन मिनिटांची पायरी होती "पोर्टलवरून टू-बी डाउनलोड करणं". लॉगिन, कॅप्चा, कधी पासवर्डची मुदत संपलेली, मग ओटीपीसाठी क्लायंटला फोन. दोन मिनिटं तयारीतच जायची आणि क्लायंटच्या उत्तराची वाट बघताना हात मोबाइलकडे जायचा. सुरुवातीच्या पायरीत खुद्द कामाचा तुकडा हवा. म्हणून तयारी आदल्या संध्याकाळी गेली. निघण्यापूर्वी दोन्ही याद्या एका एक्सेल फाइलमध्ये आणायच्या, पुरवठादाराच्या जीएसटी क्रमांकाने लावायच्या, न जुळलेल्या ओळी पिवळ्या करायच्या आणि पहिल्या पिवळ्या ओळीवर फाइल सेव्ह करायची. सकाळी करायचं एवढंच: ती एक ओळ बघून समोर कारण लिहायचं. रजिस्टरमध्ये "१०१" आणि टू-बीत मालिकेसकट लांब क्रमांक असला, तर "नंबर फरक". बिल टू-बीत नाहीच, तर "पुरवठादाराने आर-१ भरलं का?" आर-१ म्हणजे त्याचं विक्रीचं रिटर्न. एका ओळीला दोन मिनिटं पुरतात, आणि पुढची पिवळी ओळ समोरच असते.

तिसरी चूक "अवघड" ओळखण्यातली. तिने सर्वांत आधी चारशे बिलांचा क्लायंट घेतला. ते काम लांब होतं, अवघड नव्हतं, कारण बहुतेक ओळी सूत्रानेच जुळत होत्या. खरी टाळलेली फाइल होती रविवार पेठेतल्या एका दुकानदाराची, जेमतेम तीस बिलांची. त्यातली तीन बिलं टू-बीत नव्हती, म्हणजे त्या बिलांवरच्या कराचं क्रेडिट या महिन्यात मिळणार नाही, हे दुकानदारांना सांगायचं होतं. तिला तो फोन नको होता. खूण सोपी आहे: जी फाइल सलग तिसऱ्या दिवशी उद्याच्या यादीत गेली, ती आधी घ्या. सकाळी दहाला दुकानदार फोनवर सापडायचे नाहीत, म्हणून तिथली पायरी वेगळी ठरली: तीन बिलांचे क्रमांक, रकमा आणि "पुरवठादाराला आजच विचारा" एवढा मेसेज लिहायचा. पुरवठादाराने नंतर आर-१ मध्ये ती दाखवली की ती पुढच्या टू-बीत येतात, हेही त्यात लिहायचं. मेसेज गेला की फोन पाच मिनिटांत आटोपतो.

दोन मिनिटांनंतर थांबायची मुभा खरीच द्या, नाहीतर ती युक्ती दुसऱ्या दिवशी चालत नाही. पण एकाच फाइलवर तीन दिवस दोन मिनिटांतच हात थांबत असेल, तर तो आळस धरू नका. बहुतेकदा पुढे काय करायचं हे माहीत नसतं. तिचं एका क्रेडिट नोटवर अडलं होतं: टू-बीत ती या महिन्यात, रजिस्टरमध्ये मागच्या. त्या दिवशी तिची दोन मिनिटांची पायरी होती तो प्रश्न एका ओळीत लिहून माझ्या टेबलावर ठेवणं.