बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना या चुका टाळा

इंदूरहून देपालपूरकडे जाताना लागणाऱ्या एका गावात माझे आजोबा सुतारकाम करत. बाभळीचं चाक त्यांचं, त्यावरची लोखंडी धाव लोहारकाकांची. एका वैशाखात ती धाव चढेचना.

चाक चार फुटी होतं. तार फिरवून घेर मोजला, तो भरला १५१ इंच. धाव थंड झाली की आवळली पाहिजे म्हणून ती इंचभर कमी ठेवायची, एवढं काकांच्या पुतण्याला ठाऊक होतं. त्यानं जोडासाठी एकमेकांवर चढणारी टोकं वगळून पट्टी १५० इंच धरली, वाकवली, जोडली. गोवऱ्यांच्या आगीत लाल केली, तिघांनी सांडशीनं उचलली, पण ती कडेवरच अडली.

“अजून तापवू का, काका?” त्यानं विचारलं.

“नको रे. लाकडाचा कोळसा होईल. पट्टीच तोकडी आहे.”

चूक जाडीची होती. पट्टी अर्धा इंच जाड. वाकवताना तिची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते, त्यामुळे आतला घेर पट्टीच्या लांबीपेक्षा जाडीच्या सुमारे तिप्पट, म्हणजे दीड इंच, कमी भरतो. धाव इंचभर नव्हे, अडीच इंच लहान झाली होती. लाल झालेलं लोखंड एवढ्या घेरात फुगतं जेमतेम सव्वा ते दीड इंच. म्हणून पट्टी घ्यायची १५१ अधिक दीड, वजा एक, म्हणजे एकशे साडेएक्कावन्न इंच. काकांनी वीतभर तुकडा कापून काढला आणि त्याहून दीड इंच जास्त लांब तुकडा त्याजागी जोडला. जोड दोन झाले, त्याची त्यांना शेवटपर्यंत हळहळ होती.

दुसरी चूक सुताराकडून होते. चाकाचा गोल ज्या वाकड्या तुकड्यांचा बनतो, त्या पुठ्ठ्यांची तोंडं एकमेकांना घट्ट भिडवू नयेत, नखभर फट ठेवावी. धाव आवळते तेव्हा ती फट मिटते आणि आरे चाकाच्या मधल्या तुंब्यात खोल बसतात. फटच नसेल तर सारा जोर पुठ्ठ्यांतच अडतो आणि आरे सैल राहतात. फट फार असेल तर चाक एका बाजूला वाटीसारखं खोलगट होतं.

धाव बसली की लाकूड पेट घेतं, तेव्हा घाबरून एकाच जागी घागर रिती करू नये. आधी हातोड्यानं ती कडेला सारखी बसवावी, मग सगळीकडून भराभर पाणी ओतावं. सांधे करकरतात, ते ऐकून आजोबा मान हलवायचे.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक आऱ्याजवळ धावेवर हातोडी मारून पाहा. घट्ट असेल तिथे खणखणीत वाजतं, सैल असेल तिथे भद्द. उन्हाळ्यात लाकूड आकसून धाव खडखडू लागली तर लोक चाक नाल्यात बुडवून ठेवतात. लाकूड फुगतं, पण वाळलं की खडखड परत येते. अशी धाव उतरवून, कापून, थोडी आखूड करून पुन्हा चढवावीच लागते.