कॉपर आणि लाल रंग टिकत नाही? मग या चुका टाळा

केसांचा कॉपर रंग उतरला की पहिला दोष ब्रँडला दिला जातो. मग दुसरी ट्यूब, मग तिसरी, आणि प्रत्येक वेळी तीच तक्रार: "ताई, पंधरा दिवसांत गेला हो!" ट्यूब बदलून हे सुटत नाही, कारण लाल-तांबूस छटा मुळातच हलक्या पायाच्या असतात. त्यात आपण केसांवर जे करतो, त्याने त्यांना पळायला आणखी वाट मिळते.

आधी कारण समजून घ्या. परमनंट रंगात ट्यूबमधले अगदी छोटे रेणू केसाच्या आत शिरतात आणि पेरॉक्साइडमुळे तिथेच एकमेकांना जोडून मोठे होतात. मोठे झाले की बाहेर पडणं अवघड, म्हणून रंग टिकतो. गडद तपकिरी छटांमध्ये अनेकदा तीन-तीन तुकडे जोडलेले रेणू तयार होतात. तांबूस-लाल छटा देणारे बरेच रेणू दोनच तुकड्यांचे असतात. शिवाय झगझगीतपणासाठी कित्येक लाल ट्यूबमध्ये असे तयार रंगही घातलेले असतात, जे आत काही जोडले जात नाहीत, केसात नुसते अडकून बसतात. पाण्याने केस फुगला की हे आधी निसटतात. इंटरनेटवर मात्र "लाल रेणू सगळ्यात मोठा, म्हणून आत जातच नाही" हे वाक्य एकजण दुसऱ्याचं उचलून फिरवत असतो.

यात नजरेचाही भाग आहे. तपकिरी रंग थोडा उतरला तरी तो तपकिरीच दिसतो. कॉपरमधला थोडा लाल गेला की खालचा फिकट पिवळा-नारिंगी लगेच उघडा पडतो.

आता माझी सगळ्यात नावडती चूक: रंग उतरला म्हणून दर वेळी मुळांपासून टोकांपर्यंत पुन्हा परमनंट रंग फासणं, तोही ३० व्हॉल्यूमने. "जास्त स्ट्राँग घेतला की जास्त टिकेल" हा समज कुठून आला कुणास ठाऊक. ३० व्हॉल्यूम म्हणजे ९ टक्के पेरॉक्साइड. एवढा स्ट्राँग घेतला की केस जास्त उजळतो, रंग जास्त चिकटत नाही. अमोनिया आणि पेरॉक्साइड दर वेळी केसाचं उरलेलं नैसर्गिक रंगद्रव्य आणखी उडवतात आणि वरची खवल्यांची थर उचकटून ठेवतात. असा केस रंग पटकन पितो आणि तितक्याच पटकन सोडतो. म्हणजे तुम्ही ज्या रोगावर औषध देताय, तो रोगच वाढवताय.

एक मुलगी माझ्याकडे आली, कमरेपर्यंत केस, घरी बऱ्याच महिन्यांपासून कॉपर लावत होती. मुळांशी बोटभर पट्टा भडक नारिंगी, मधला भाग मळकट तांबूस आणि टोकं फिकी, कोरड्या गवतासारखी. एकाच डोक्यावर तीन रंग! तिला नवी, "चांगली" ट्यूब हवी होती. मी टोकांची एक बट घेऊन पाणी फवारलं, तर थेंब टिकलाच नाही, लगेच जिरला. मुळांजवळच्या बटेवर मात्र तेच थेंब क्षणभर मण्यांसारखे उभे राहिले. हीच घरी करण्यासारखी तपासणी. पाणी लगेच जिरतंय आणि धुतल्यावर ती टोकं वाळायला फार वेळ लागतोय, तर तो केस सच्छिद्र झालाय.

मुळांचा भडकपणा वेगळ्या कारणाने आला होता. टाळूच्या उष्णतेमुळे तिथे रंग वेगाने काम करतो, आणि ही मुलगी दर वेळी मुळांपासून सुरुवात करायची. न रंगवलेले केस पहिल्यांदा रंगवताना मी आधी मधला भाग आणि टोकं घेते, मुळं शेवटी.

तिच्यासाठी काय केलं ते सांगते. वाढलेल्या मुळांच्या दीड सेंटिमीटरवर २० व्हॉल्यूमसोबत ७.४३, म्हणजे बहुतेक ब्रँडमध्ये कॉपर-गोल्ड. आधी रंगवलेल्या भागाला परमनंट रंगाचा ब्रशही लावला नाही. तिथे अमोनिया नसलेला डेमी-परमनंट, म्हणजे परमनंटपेक्षा सौम्य आणि कमी टिकणारा रंग, त्याच्याबरोबर येणाऱ्या सौम्य पेरॉक्साइड डेव्हलपरसह. छटा ७.४३ आणि त्याहून गडद ६.३४ समप्रमाणात, कारण सच्छिद्र टोकांतून रंग लवकर गळतो, म्हणून थोडं गडद ठेवलेलं बरं. दर पाच मिनिटांनी एक बट पुसून पाहिली आणि मनासारखी छटा आली तेव्हा धुतलं. शेवटची दोन इंच टोकं कापली. तिला ते फारसं आवडलं नाही, पण तुटलेला केस रंग धरत नाही, त्याला मी काय करू? पुढे टचअपला फक्त मुळं, आणि लांबीवर महिना-दीड महिन्याने डेमी. ती आता असंच करते आणि रंग सारखा राहतो.

दुसरी मोठी चूक पाण्याची. सगळे शाम्पूला नावं ठेवतात. "सल्फेट-फ्री घेतलाय, तरी का उतरतो?" अहो, सल्फेट-फ्री घ्या, पण त्याआधी पाणी बघा. केस भिजला की फुगतो आणि रंग सुटायला लागतो, पाणी गरम असेल तर आणखी लवकर. रोज गरम पाण्याच्या शॉवरखाली उभं राहून महागडा शाम्पू वापरणं मला फार विनोदी वाटतं. पाणी कोमट किंवा त्याहून थंड, आणि धुणं आठवड्यातून दोनदा. माझी सवय अशी की रंग लावल्यावर दोन दिवस शाम्पू नाही. सुरुवातीला पाण्यात रंग दिसणारच, घाबरू नका. तीन आठवड्यांनीही पांढऱ्या टॉवेलवर तांबूस डाग पडत असतील, तर एक तर टोकं सच्छिद्र आहेत किंवा रंग वेळेआधी धुतला गेलाय. पाकिटावर ३५ मिनिटं लिहिलंय आणि तुम्ही वीसला उठलात, तर रेणू जोडले जायच्या आतच तुम्ही त्यांना हाकललंत. घाईला माझ्याकडे उपाय नाही.

बाकीच्या चुका झटपट. कॉपरवर निळा शाम्पू लावू नका. तो नारिंगी मारायलाच बनवलेला असतो. जांभळाही नको, तो कॉपरमधलं सोनेरी मारून रंग मंद करतो. कोंड्यावरचा औषधी शाम्पू लावावा लागत असेल तर तो टाळूवरच ठेवा, लांबीवर ओढू नका. पोहायला जाण्याआधी केस साध्या पाण्याने पूर्ण भिजवा आणि कंडिशनर लावा, म्हणजे क्लोरीनचं पाणी आत कमी जातं. स्ट्रेटनर १८० अंशांच्या वर नेऊ नका आणि हीट प्रोटेक्टरशिवाय तर मुळीच नको. उन्हात स्कार्फ बांधा. पांढऱ्या केसांवर नुसती लाल ट्यूब लावाल तर गुलाबी दिसेल, तिच्यात निम्मी नैसर्गिक छटा मिसळा.

आणि कलर-डिपॉझिटिंग मास्क, म्हणजे केसांवर थोडा रंग सोडणारा मास्क. याला लोक "फसवा रंग" म्हणतात, कारण तो धुतल्यावर जातो. पण उतरणारा रंग अमोनिया न लावता भरून काढायला याहून सोपं काही नाही. आठवड्यातून एकदा, शाम्पूनंतर, टॉवेलने टिपलेल्या केसांवर, दहा मिनिटं. कॉपरवर कॉपरचाच घ्या, लालभडक घेऊ नका, नाहीतर सच्छिद्र टोकं गुलाबीकडे झुकतात. हातमोजे घाला, आणि त्या रात्री उशीवर जुनी खोळ चढवा.