पुश, व्हॉट्सअॅप, मग एसएमएस

अंधेरी सबवेत पाणी भरलं, शाळेची बस वळवली, हे पालकांना लगेच कळायला हवं. आधी अॅपचं पुश नोटिफिकेशन पाठवा. दोन मिनिटांत उघडलं नाही तर व्हॉट्सअॅप, आणखी तीन मिनिटांनी एसएमएस. प्रत्येक पायरीआधी स्थिती पुन्हा तपासा, नाहीतर वाचलेल्यालाही तिन्ही मेसेज जातात.

खरी गफलत व्हॉट्सअॅपवर होते. रीड रिसीट बंद असेल तर वाचूनही `read` येत नाही, `delivered`वरच अडकतं. म्हणून मेसेजखाली ‘कळलं’ असं बटण द्या आणि ते दाबलं की साखळी थांबवा. एसएमएस वाचला की नाही हे कळतच नाही, फक्त पोचपावती मिळते. एसएमएसचा डीएलटी टेम्पलेट, म्हणजे ऑपरेटरकडे नोंदवायचा मजकुराचा साचा, मात्र पावसाळ्याआधीच मंजूर करून ठेवा; मंजुरीशिवायचा मजकूर ऑपरेटर अडवतो.