जुना माल काढताना शेवटचा भाव ठरवताय? या चुका टाळा

दिवाळीसाठी भरलेल्या कुर्त्या मार्चमध्येही रॅकवरच असल्या की दुकानाबाहेर पाटी लागते: ४० टक्के सूट. हा आकडा बहुतेक वेळा समोरच्या दुकानाकडे बघून आलेला असतो. आपल्याला तो परवडतो का, हे कागदावर मांडलेलं नसतं.

एक हिशोब मांडू. ६० कुर्त्या उरल्यात, टॅगवर ७९९ रुपये. खरेदी ४०० रुपये, वर ५ टक्के जीएसटी. दुकानदार नियमित जीएसटीत असेल तर हे २० रुपये इनपुट क्रेडिटमधून वळते होतात, म्हणून ते खर्चात धरायचे नाहीत. (कंपोझिशनवाल्याला क्रेडिट मिळत नाही, त्याने ४२० च धरावेत.) वाहतूक आणि हमाली नगामागे १० रुपये. म्हणजे कुर्ती दुकानात पोचेपर्यंतच ४१० ला पडली. पहिली चूक इथेच होते, कारण डोक्यात ४०० हाच आकडा बसलेला असतो.

पुढे सहा महिने ती पडून राहिली. बँकेच्या सीसी खात्याचं व्याज वर्षाला १२ टक्के धरलं तर महिन्याला साधारण ४ रुपये, सहा महिन्यांचे २५. पैसा स्वतःचा असला तरी व्याज धरायचं, निदान मुदत ठेवीच्या दराने तरी. गाळ्याचं भाडं चौरस फुटाला महिना ६० रुपये आणि रॅकने ६ फूट अडवलेत, तर महिन्याला ३६० रुपये, नगामागे ६, सहा महिन्यांचे ३६. एकूण ४७१.

विकतानाही खर्च असतो. पिशवीचे ५ रुपये, विक्रेत्याला ३ टक्के कमिशन. कमिशन विक्रीभावावर जातं, म्हणून ४७६ वर ३ टक्के वाढवून चालत नाही, ४७६ ला ०.९७ ने भागायचं: ४९१. त्यावर ५ टक्के जीएसटी धरला की ५१६. गिऱ्हाइकाकडून यापेक्षा कमी घेतले तर घाटा. ७९९ च्या टॅगवर ही सूट जेमतेम ३५ टक्के होते. म्हणजे ४० टक्क्यांच्या पाटीवर कुर्ती ४७९ ला जाते आणि नगामागे सुमारे ३३ रुपये खिशातून जातात.

मात्र त्या ३३ रुपयांकडे जरा नीट बघा. भाड्याचे ३६ रुपये वगळून हाच हिशोब केला तर शेवटचा भाव ४७६ येतो, म्हणजे ४७९ ला रोख घाटा नाही. रॅक रिकामा राहिला असता तरी भाडं द्यावंच लागलं असतं. म्हणून मी दोन आकडे लिहून ठेवायला सांगतो: भाड्यासकट ५१६, भाड्याविना ४७६. पहिल्या आठवड्यांत ५१६ च्या खाली यायचं नाही. नवा माल दारात असेल आणि जागा हवी असेल तर ४७६ पर्यंत उतरायला हरकत नाही. त्याखाली मात्र खरेदी, व्याज आणि विक्रीखर्चही सुटत नाही. हे दोन आकडे एकच समजल्यामुळे काही जण उगाच अडून बसतात, तर काही भलतेच खाली उतरतात.

योजनांच्या नावांनीही फसगत होते. '२० + २०' ऐकायला ४० टक्के वाटतं, प्रत्यक्षात ती ३६ टक्के सूट. आपल्या कुर्तीला ५११ येतात, ५१६ पेक्षा पाच रुपयांनी कमी. 'दोनवर एक मोफत' म्हणजे ३३ टक्के, नगाला ५३३, ते बसतं. 'एकावर एक' मध्ये ४०० च्याही खाली, तिकडे बघायचंच नाही.

पाटीवर थेट ५१६ लिहिणं हीही चूकच. सूट असो वा नसो, आपल्याकडे काउंटरवर 'अजून दहा कमी करा' होणारच. ५२९ लिहा, म्हणजे सोडायला जागा राहील.

खरा घोळ निघतो तो डागाळलेल्या आणि उन्हाने रंग उडालेल्या नगांत. ६० पैकी ४ विकण्याजोगे नसतील तर सगळा खर्च ५६ नगांवर पडतो आणि ५१६ चा आकडा थेट ५५२ होतो. सेल छान झाला, माल संपला आणि तरी पुरवठादाराचे पैसे जुळत नाहीत, तर आधी हे नग मोजा. शिवाय ते खात्यातून काढून टाकले तर त्यांच्यावरचं इनपुट क्रेडिटही परत करावं लागतं, त्यामुळे आहेत तसे, कमी भावात का होईना, बिल करून विकलेले बरे.

आणि 'गुढीपाडव्यापर्यंत थांबू, मग लग्नसराई आहेच' असं म्हणताना एवढं धरा की ५१६ चा आकडा दर महिन्याला साधारण ११ रुपयांनी चढतो. तीन महिने थांबलात तर तो ५४९ होतो, आणि तोवर फॅशन आणखी एक हंगाम जुनी झालेली असते.