परसबागेसाठी कोंबडीची पिल्लं आणि खाद्य कुठून घ्यावं?

सायकलवरून किंवा टेम्पोतून येणाऱ्या विक्रेत्याकडून ‘गावरान’ म्हणून पिल्लं घेऊ नका. अंड्यांच्या जातीतली नर पिल्लं हॅचरीला नकोशी असतात. तीच स्वस्तात, कधी रंगवूनही विकली जातात. ती अंडी देणार नाहीत आणि वजनही सावकाश धरतील. आम्ही गिरिराज घेतो. वनराजा, कावेरी याही परसबागेत चालणाऱ्या जाती आहेत. चौकशीची सुरुवात पंचायत समितीच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांपासून करा. पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं खडकी (पुणे), कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. तिथे आधी नोंदणी करून वाट पाहावी लागते, पण जातीची खात्री असते.

खासगी हॅचरी असेल तर भाव विचारण्याआधी मरेक्स रोगाची लस पहिल्याच दिवशी दिली का ते विचारा आणि बिलावर तसं लिहून घ्या. ही लस हॅचरीतच द्यायची असते, घरी आणल्यावर उशीर झालेला असतो.

खोकं घरी आलं की आधी पिल्लं उलटी करून बेंबी पाहा. ती कोरडी आणि मिटलेली हवी. ओली, काळसर किंवा सुजलेली बेंबी आणि चिकटलेलं शेपूट दिसलं तर ती पिल्लं बाजूला काढून फोटो घ्या आणि हॅचरीला त्याच दिवशी कळवा. समजा, 100 पिल्लांपैकी पहिल्या आठवड्यात दोन गेली, तर ते चालतं. आठ-दहा गेली तर दोष कुणाचा ते शोधावं लागतं. बल्बखाली ती एकमेकांवर चढून बसत असतील तर ऊब कमी पडतेय, म्हणजे चूक आपल्याकडची. ऊब बरोबर असून पहिल्या तीन-चार दिवसांत फुगलेल्या पोटाची पिल्लं मरत असतील, तर बहुधा बेंबीतून झालेला संसर्ग असतो आणि तो बऱ्याचदा हॅचरीतूनच येतो. मेलेलं पिल्लू पशुवैद्यकाला दाखवा. पोटात न जिरलेला, घाण वासाचा बलक निघाला तर हॅचरीशी बोलायला आधार मिळतो. अशा वेळी बदली पिल्लं देणारा पुरवठादार धरून ठेवावा.

खाद्यात माझ्या मते ब्रँडपेक्षा दुकान महत्त्वाचं. गोदरेज, व्यंकीज ही नावं सगळ्यांना ठाऊक आहेत, पण दोन महिने गोदामात पडलेलं नामांकित पोतं काय कामाचं? ज्या दुकानात आठवड्याला माल उतरतो, तिथे जो ब्रँड खपतो तो घ्या. पोत्यावर उत्पादनाची तारीख आणि बॅच नंबर पाहा. 100 पिल्लांना पहिल्या महिन्यात 50 किलोची दीड-दोन पोती लागतात, त्यामुळे साठा करू नका. पावसाळ्यात तर एकेकच पोतं आणा. हात आत घालून पाहा: गुठळ्या, कुबट वास किंवा गरमपणा जाणवला तर ते पोतं परत करा. बुरशीचं विष यकृतावर जातं आणि वरून बुरशी दिसेलच असं नाही. प्रत्येक पोत्यातलं मूठभर खाद्य बॅच नंबर लिहून बरणीत ठेवतो. मर वाढली तर तपासणीला तेच द्यायचं.

आणि स्वस्त मिळालं म्हणून लेअरचं, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य पिल्लांना घालू नका. त्यातलं जास्तीचं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही.